विहीर क्रमांक १७ आणि माझे न पाठवलेले पत्र

पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या एका संस्थेत मी क्षेत्र समन्वयक म्हणून नोकरी करते. २०२३ च्या मे महिन्यापासून मी बीड जिल्ह्यातील अकरा गावांमधल्या अडतीस विहिरींची पाणीपातळी वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये, मोजत आले आहे. या नोंदींचा तक्ता आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष आमच्याच कार्यालयातील एका सहकाऱ्याने जुलै २०२४ मध्ये देणगीदार कंपनीच्या प्रतिनिधींसमोर स्वतःचे विश्लेषण म्हणून मांडले. झालेला प्रकार, त्यावर मी लिहिलेले पत्र आणि त्या पत्रातून खोडलेली वाक्ये अशा तिन्ही गोष्टी येथे देत आहे, कारण अशा प्रसंगी मनात पहिल्यांदा येणारे पत्र जवळजवळ नेहमीच आपले नुकसान करणारे असते, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

विहिरीची पातळी मोजणे दिसते तितके सोपे नसते. मोटार चालू असेल किंवा नुकतीच बंद झालेली असेल, तर पाणी खाली गेलेले असते आणि त्या वेळचे माप निरुपयोगी ठरते, त्यामुळे पहाटे, मोटारी सुरू होण्याआधी विहिरीवर पोहोचावे लागते. प्रत्येक वेळी टेप एकाच जागेवरून सोडला जावा म्हणून आम्ही कठड्यावर लाल ऑईलपेंटने खूण केली आहे, आणि टेपवर आलेल्या मापातून त्या कठड्याची उंची वजा केल्यावरच जमिनीपासूनची खोली मिळते. विहीर क्रमांक १७ चा कठडा ०.८० मीटर उंच आहे. मे २०२३ मध्ये टेपवर ११.९५ मीटर माप आले होते, त्यातून कठडा वजा करून मी ११.१५ लिहिले. ऑक्टोबरमध्ये टेपवर ६.३५ आले आणि या वेळी मात्र कठडा वजा करायचे माझ्याकडून राहून गेले. परिणामी पातळीतील वाढ प्रत्यक्षात ५.६० मीटर असताना माझ्या तक्त्यात ती ४.८० मीटर दिसत राहिली. ही चूक माझी होती, आणि पुढे माझ्या सर्वांत जास्त उपयोगी पडली तीही हीच चूक.

१२ जून २०२४ रोजी या सहकाऱ्यांनी मला ईमेल करून मूळ फाइल मागितली. "फक्त आकडे नजरेखालून घालायचे आहेत, पीडीएफ नको, एक्सेलच पाठवा," असे त्यांनी लिहिले होते. मी त्याच दिवशी फाइल पाठवली. २० जूनला वह्यांशी ताळा करताना १७ क्रमांकाची चूक माझ्या लक्षात आली आणि मी माझ्या गूगल शीटमध्ये ती दुरुस्त केली, परंतु त्यांना ते कळवायचे राहून गेले. ४ जुलैला पुण्यात सादरीकरण झाले. त्याला मला बोलावले नव्हते, कारण त्या आठवड्यात मी गावात होते. तीन दिवसांनी सर्वांना आलेल्या पीडीएफमध्ये पहिल्याच पानावर "विश्लेषण व मांडणी" या शब्दांपुढे केवळ त्यांचे नाव होते, सहाव्या पानावर माझा तक्ता रकान्यांच्या क्रमासह जसाच्या तसा होता, आणि १७ क्रमांकासमोर ४.८० हा आकडा होता.

त्या रात्री मी जे लिहिले त्याची सुरुवात अशी होती: "माझी मेहनत आपण लाटलीत आणि वरिष्ठांसमोर शाबासकी मिळवलीत. मला मुद्दाम बैठकीपासून दूर ठेवण्यात आले." सुदैवाने ते पत्र पाठवण्यापूर्वी मी आमच्या हिशेब विभागातील एका ज्येष्ठ ताईंना दाखवले. त्यांनी पेन्सिल हातात घेतली आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: "हे दाखवायला तुझ्याकडे कागद आहे का?" "लाटली" याला कागद नव्हता. "मुद्दाम" याला तर मुळीच नव्हता, कारण बैठकीची तारीख कोणी आणि कोणत्या कारणाने ठरवली हे मला माहीतच नव्हते. "वरिष्ठांसमोर शाबासकी" हीसुद्धा ऐकीव गोष्ट होती. अशा रीतीने एक पान भरलेल्या मजकुरातून शेवटी चार गोष्टी उरल्या: फाइल पाठवल्याचा ईमेल, गूगल शीटमध्ये `File > Version history > See version history` येथे दिसणारा दुरुस्तीचा दिनांक, क्षेत्रीय नोंदवह्यांची छायाचित्रे आणि सादरीकरणातील सहावे पान.

या चार गोष्टी नेमके काय सिद्ध करतात, याचाही विचार करणे आवश्यक होते. ४.८० हा आकडा जुन्या तक्त्यातून आला, एवढे निर्विवाद होते, कारण २० जूननंतरच्या माझ्या शीटमध्ये तो कुठेच शिल्लक नव्हता. पण त्यातून तक्ता कोठून आला एवढेच दिसते. नाव कोणी आणि का वगळले, हे त्यातून कळत नाही. पुरावा जेथे संपतो तेथेच पत्रही संपले पाहिजे. शिवाय व्हर्जन हिस्ट्री मूळ शीटमध्येच राहते. कोणी त्या शीटची वेगळी प्रत केली, तर त्या प्रतीचा इतिहास नव्याने सुरू होतो, म्हणून मूळ शीट स्वतःच्या खात्यात राहू देणे आणि ती पुसून नवीन न बनवणे महत्त्वाचे ठरते. कायद्याचे म्हणाल, तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मालकाचा असतो. त्यामुळे "हा तक्ता माझ्या मालकीचा आहे" असे मी लिहिले असते, तर ते चुकीचे ठरले असते. माझे म्हणणे श्रेयनोंदीपुरते होते आणि पत्रातही ते तेवढेच ठेवले.

अखेर १० जुलैला सकाळी पाठवलेले पत्र असे होते:

"नमस्कार सर,

४ जुलैच्या सादरीकरणाची प्रत मला मिळाली. पहिल्या पानावर विश्लेषणापुढे केवळ आपले नाव आहे. सहाव्या पानावरील विहिरींचा तक्ता मी १२ जून रोजी आपल्याला ईमेलने पाठवलेल्या फाइलमधील आहे. त्या फाइलमध्ये विहीर क्रमांक १७ ची वाढ माझ्या चुकीमुळे ४.८० मीटर अशी नोंदली गेली होती. २० जून रोजी मी ती ५.६० अशी दुरुस्त केली, मात्र आपल्याला कळवले नाही, ही उणीव माझी आहे. सादरीकरणात जुना आकडा आहे.

पाऊस आणि पातळी यांचा संबंध दाखवणारा आठव्या पानावरील आलेख आपण तयार केलेला आहे आणि तो माझ्या फाइलमध्ये नव्हता, हे मी येथे आवर्जून नमूद करते.

नाव वगळले जाण्यामागचे कारण मला माहीत नाही. आपल्याकडून ते समजून घेण्यास मला आवडेल.

माझ्या दोन विनंत्या आहेत. सहाव्या पानाखाली 'क्षेत्रीय मोजणी व तक्ता' असे लिहून माझे व मोजणीत सहभागी असलेल्या गावातील जलदूतांचे नाव द्यावे, आणि १७ क्रमांकाचा आकडा दुरुस्त करून सुधारित प्रत ज्यांना पहिली प्रत गेली त्या सर्वांना पाठवावी. १७ जुलैपर्यंत आपले उत्तर मिळाल्यास मी आभारी राहीन."

आठव्या पानाचे वाक्य लिहिताना हात अडखळला होता, हे मी मान्य करते. परंतु तो आलेख खरोखर त्यांचा होता, आणि तो वगळून मी सगळेच माझे आहे असे भासवले असते, तर ज्या गोष्टीची तक्रार मी करत होते तीच माझ्याकडून घडली असती. माफी मागा, असे मी कोठेही लिहिले नाही. माफी मिळाली की नाही, यावर वाद होऊ शकतो. पानाखाली नाव छापले गेले की नाही, यावर होत नाही.

कार्यक्रम व्यवस्थापकांना या पहिल्या पत्राची प्रत पाठवावी, असा आग्रह दोघातिघांनी धरला होता. मी तो मानला नाही. प्रत वर गेली की सहकाऱ्याचे उत्तर आपल्यासाठी राहत नाही, ते वरिष्ठांसाठी लिहिले जाते, आणि मग चूक दुरुस्त करण्याचा साधा मार्ग बंद होतो. उत्तर न आल्यास आठव्या दिवशी हेच पत्र, एकही शब्द न बदलता, व्यवस्थापकांना पाठवायचे असे मी ठरवले होते, आणि शांत भाषेत लिहिण्याचे तेही एक कारण होते: तिसऱ्या माणसाने वाचले तरी त्यात काही बदलावे लागू नये. मात्र असे काम छपाईला जाणार असेल किंवा त्यावर कोणाची बढती ठरणार असेल, तर सात दिवस थांबणे परवडत नाही, आणि समोरची व्यक्ती आपलीच वरिष्ठ असून त्रास देण्याची शक्यता असेल, तर पहिले पत्रही तिला एकटीला लिहू नये.

त्यांचे उत्तर पत्राने आले नाही. १२ जुलैला त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "अहो मॅडम, टीमचंच काम आहे ना? दहा मिनिटं दिली होती, नावांचं पान शेवटी होतं, ते वरून काढायला सांगितलं." हे खरे होते की नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. पहिल्या पानावर त्यांचे नाव का राहिले, या माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. मी फोनवर वाद घातला नाही, आणि अर्ध्या तासात ईमेल केला: "आज फोनवर बोलल्याप्रमाणे सहावे पान दुरुस्त करून सुधारित प्रत १७ तारखेपर्यंत सर्वांना पाठवण्याचे आपण मान्य केले आहे. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे." तोंडी झालेले बोलणे त्याच दिवशी असे कागदावर आणले नाही, तर महिन्याभराने ते कोणालाच आठवत नाही.

१६ जुलैला सुधारित प्रत आली. सहाव्या पानाखाली आमची नावे होती आणि १७ क्रमांकासमोर ५.६० होते. पहिले पान मात्र तसेच राहिले, आणि पुण्यात ज्यांनी सादरीकरण ऐकले त्यांनी ती दुसरी प्रत उघडून पाहिली असेल, असे मला वाटत नाही. ते काही परत मिळाले नाही.

ऑक्टोबरची मोजणी संपल्यावर त्याच सहकाऱ्यांचा पुन्हा ईमेल आला: "नवीन आकडे एक्सेलमध्ये पाठवता का?" या वेळी मी पीडीएफ पाठवली, तिच्या प्रत्येक पानाखाली मोजणी करणाऱ्यांची नावे आणि तारीख होती, आणि सोबत इतकेच लिहिले की मूळ शीट पाहण्याची परवानगी त्यांना दिली आहे, आकड्यांत काही बदल हवा असल्यास त्यांनी शीटमध्येच टिप्पणी करावी, मी वही पाहून उत्तर देईन. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहीर क्रमांक २९ वर एक टिप्पणी केली. ती रास्त होती, आणि मी तो आकडा दुरुस्त केला.