'फॉरेन रोमिंग फ्री' ऐकून पोस्टपेड घेताय? बोटीवर जाणाऱ्यांनी तर हे वाचाच

आमच्या रत्नागिरीकडे घराआड एकजण बोटीवर नाहीतर आखातात असतो, म्हणून हे लिहितोय. धाकटा भाऊ क्रूझवर हाऊसकीपिंगला आहे. जॉइनिंगच्या आधी इथल्याच एका मोबाइलच्या दुकानात त्याने प्रीपेड नंबर पोस्टपेड करून घेतला, महिन्याला ९९९ अधिक जीएसटी. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, डेटा अनलिमिटेड, वर्षातून एकदा फॉरेन रोमिंगचा पॅक फ्री, आणि नाय पटलं तर कधीपण बंद करा." मग एक ओटीपी विचारला, ह्याने सांगितला, झालं. त्या ओटीपीनेच सगळ्या अटींना होकार गेला आणि अटींचा कागद काय कोणी दाखवला नाही.

'अनलिमिटेड' म्हणजे महिन्याला १५० जीबी, त्यापुढे २ पैसे एमबी, म्हणजे एका जीबीला साधारण साडेवीस रुपये. तिथपर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही, तो विषय सोडा.

खरा दणका रोमिंगचा. पॅकमध्ये दुबई होती, आणि दुबईत उतरल्यावर फोन मस्त चालला. पण पॅक चालतो तो यादीतल्या देशांच्या जमिनीवरच्या नेटवर्कवर. क्रूझला स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, सॅटेलाइटवरचं, ते बंदरात बंद ठेवतात आणि बोट किनाऱ्यापासून साधारण १२ सागरी मैल बाहेर गेली की चालू करतात. किनाऱ्याची रेंज गेली की फोन आपोआप त्याला चिकटतो. नेटवर्क निवडायच्या यादीत कुठल्या देशाच्या ऐवजी बोटीचं वेगळंच नाव किंवा 901 ने सुरू होणारा कोड दिसतो, तेच ते. हे नेटवर्क पॅकमध्ये नव्हतं, पण पॅकसाठी डेटा रोमिंग चालू ठेवलेलं, त्यामुळे ड्यूटीवर फोन खिशात असताना मागच्या मागे व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो उतरत राहिले.

बिलात बोटीवरचा डेटा किती, तर १८ एमबी. हो, एमबी, जीबी नाही! रेट १० केबीला ५ रुपये. म्हणजे एक एमबी ५१२ रुपयांना आणि १८ एमबीचे झाले ९,२१६. त्यात भाडं ९९९, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १२,०५३ रुपये ७० पैसे. क्रेडिट लिमिट असताना एवढं बिल होतंच कसं, असं मी विचारलं, तर म्हणे बाहेरच्या नेटवर्कची नोंद कंपनीकडे उशिरा येते. म्हणजे लिमिटचा मेसेज येईपर्यंत पैसे उडालेले असतात, त्या लिमिटच्या भरवशावर राहू नका.

आम्ही तक्रार केली, डॉकेट नंबर घेतला. कस्टमर केअरवाली बाई म्हणाली तक्रार चालू आहे तोवर भरू नका, आणि हे ती फोनवर म्हणाली, लेखी कुठेच नाही. ड्यू डेट गेली तशी पुढच्या बिलात लेट फी २५० आणि त्यावर जीएसटी, आउटगोइंगपण बंद. वादातली रक्कम बाजूला ठेवून भाड्याचे पैसे तरी ड्यू डेटच्या आत भरायचे आणि तसा मेल टाकून ठेवायचा, हे मला नंतर कंपनीच्या गॅलरीतल्याच एकाने सांगितलं.

मग वैतागून म्हटलं पोर्ट करूया. `PORT` लिहून स्पेस देऊन नंबर 1900 वर पाठवला, तर कोडच मिळेना. दोन कारणं. एक, बिल थकीत. दुसरं, सहा महिन्यांचा लॉक-इन, आणि त्याआधी जायचं तर २,५०० रुपये एक्झिट फी, जीएसटी धरून २,९५०. ट्रायच्या नियमातच आहे की करारात बाहेर पडायची अट असेल आणि ती पुरी केली नसेल तर कंपनी पोर्टिंग नाकारू शकते. म्हणजे 'कधीपण बंद करा' म्हणणाऱ्या त्या पोराचा शब्द गेला वाऱ्यावर. दुकानात गेलो तर तो पोरगा सोडून गेलेला, शेठ म्हणतो आमचा काय संबंध, आम्ही फक्त सिम देतो.

ट्राय एकेकट्या माणसाची तक्रार घेत नाही, तिथे वेळ घालवू नका. कंपनीचंच अपिलेट अथॉरिटी असतं, डॉकेट नंबर देऊन तिथे अपील करायचं, फुकट असतं आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. आमचं अपील गेलं, लेट फी रद्द झाली, कारण तक्रारीची तारीख ड्यू डेटच्या आधीची होती. बोटीचे पैसे मात्र एक रुपया सुटला नाही, अटींच्या पीडीएफमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात 'जहाज व विमानातील नेटवर्क वगळून' असं आहे म्हणे, आणि आहेच, मी शोधून काढलं.

ते पैसे भरले, लॉक-इन संपेपर्यंत थांबलो, मग पोर्टचा कोड आला. तो चारच दिवस चालतो, त्यामुळे लगेच जाऊन नंबर प्रीपेडवर हलवला. भाऊ आता बोटीवर चढतानाच फ्लाइट मोड लावतो आणि क्रूच्या वायफायचं कार्ड घेतो.