शाळेच्या पांढऱ्या शर्टांसाठी ऑक्सिजन ब्लीच : आठ महिने वापरल्यानंतर

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलगा सहावीत, पांढरे शर्ट तीन. गेल्या वर्षी कॉलर स्वच्छ निघत नाही म्हणून मी दर आठवड्याला बाटलीतलं क्लोरीनचं ब्लीच वापरत होते. दिवाळीपर्यंत शर्ट पिवळट पडले आणि कॉलर घडीवर विरली. उलटवून शिवायला शिंपीकाकांकडे नेली, तर त्यांनी घडीवर नखाने जरासं ओढून दाखवलं. तिथल्या तिथे चिरली. "ताई, धागाच मेलाय. टाका धरणार नाही," म्हणाले.

या जूनपासून क्लोरीन बंद केलं आणि ऑक्सिजन ब्लीचची पावडर आणली. पाकिटावर घटकांत सोडियम परकार्बोनेट लिहिलंय ना, तेवढं बघून घ्या. पाण्यात गेली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतो आणि तोच डागाचा रंग घालवतो. क्लोरीनही रंगच घालवतं, पण ते सुती धागा कमजोर करतं. शिवाय कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून गिरणीत लावलेलं ब्राइटनरही त्याने जातं आणि खालचा पिवळटपणा उघडा पडतो. पाण्यात लोह असेल तर क्लोरीनमुळे त्याचे तांबूस डाग कापडावर बसतात. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

पण पहिले दोन आठवडे मी या पावडरवरही नाराज होते. शर्ट उजळला, कॉलरवरची काळपट रेघ मात्र तशीच. चूक माझ्या क्रमात होती. कॉलरचा मळ म्हणजे मानेचं तेल, घाम आणि मेलेली त्वचा, आणि त्या तेलाला चिकटलेली धूळ. आपले गणवेश टेरिकॉटचे, आणि त्यातलं पॉलिस्टर तेल धरून ठेवतं. ब्लीच कुठलंही असो, ते तेल काढत नाही. आधी तेल काढायचं, मग पावडर.

आता शनिवारी असं करते. कोरड्या शर्टाच्याच कॉलरवर भांडी घासायचं लिक्विड थेंब थेंब टाकून बोटाने पसरवते. आधी भिजवलं तर लिक्विड पातळ होतं आणि तेलापर्यंत नीट पोचत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या, मऊ टूथब्रशने घडीच्या दिशेने हलकेच घासते, आडवं-उभं रगडत नाही. कपड्यांच्या कडक ब्रशने घासलं की धाग्याचे तंतू उभे राहतात आणि पुढचा मळ तिथेच अडकतो. मग धुऊन, पिळून कॉलर उजेडात धरते. घडीत बोट फिरवल्यावर अजून बुळबुळीत लागलं तर तेल बाकी आहे, पुन्हा तेच. इस्त्री मात्र या टप्प्यावर अजिबात नाही, उष्णतेने उरलेला डाग कापडात बसतो.

त्यानंतर गीझरच्या गरम पाण्यात, मगभर पाण्याला एक मोठा चमचा पावडर पूर्ण विरघळवते आणि चार लिटर गरम पाण्यात ओतते. पाणी हाताला जेमतेम सोसवेल इतकं गरम हवं. गार पाण्यात ही पावडर फारच मंद काम करते, "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं. तिन्ही शर्ट पूर्ण बुडवून दीड-दोन तास ठेवते, मग नेहमीच्या पावडरने मशीनमध्ये. हातमोजे घाला, पाणी अल्कलीयुक्त असतं, त्वचा कोरडी पडते.

खिशावरचा शाळेचा लाल-निळा बिल्ला भरतकामाचा आहे. पहिल्यांदा आतल्या बाजूने ते पाणी लावून दहा मिनिटं थांबले, पांढऱ्या फडक्याने दाबून बघितलं. रंग उतरला नाही, मगच बुडवला. तुमच्याकडेही ही तपासणी करा. लोकरी स्वेटर आणि रेशमी कापड यात घालू नका.

जे जमलं नाही तेही सांगते. बॉलपेनच्या शाईला याने काही होत नाही. टाचणीचा गंज तसाच राहतो. आणि गेल्या वर्षी क्लोरीनने पिवळा पडलेला शर्ट परत पांढरा झाला नाही. सासूबाई त्याला शेवटच्या पाण्यात नीळ देतात, त्याने डोळ्यांना पांढरा दिसतो खरा, पण कॉलरचं तेल आत तसंच राहतं.

एकदा उरलेलं द्रावण बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं होतं. सकाळी बाटली फुगून टम्म. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, म्हणून उरलेलं ओतूनच द्यायचं. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये ही पावडर मिसळायची नाही. पावसाळ्यात पाकिटाला दमट हवा लागली आणि गोळे झाले, ऑगस्टपासून कोरड्या डब्यात चमचा आत न ठेवता ठेवते.

अर्ध्या किलोचं पाकीट जूनपासून आत्ता फेब्रुवारीत संपत आलंय. परवा या पावडरीत धुतलेला एक शर्ट शिंपीकाकांकडे बटण लावायला नेला होता. त्यांनी सवयीने कॉलरची घडी ओढून पाहिली. टिकली.