इक्वलायझेशन टँकची लेव्हल घट्ट धरायची की हलू द्यायची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाय हाऊसवाल्यांचं ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटचं पॅनल बदलायला काढलं की हा प्रश्न येतोच. इक्वलायझेशन टँक म्हणजे कमीजास्त येणारं सांडपाणी आधी साठवून पुढं सारखं सोडायचा टँक. टँक तोच, पंप तोच, पंपाचा वेग बदलणारा व्हीएफडी आणि लेव्हल ट्रान्समीटर पण तेच, फरक फक्त कंट्रोलरमधल्या दोन-तीन आकड्यांचा. एका पद्धतीत लेव्हल 50 टक्क्यांवर खिळवून ठेवायची, दुसरीत लेव्हलला वरखाली होऊ द्यायचं आणि पुढं जाणारा फ्लो शांत ठेवायचा, म्हणजे ॲव्हरेजिंग कंट्रोल. जुनी फ्लोटची पद्धत, वरचा फ्लोट लागला की पंप चालू, खालचा लागला की बंद, ती इथं धरतच नाही, कारण त्यात पुढच्या प्लँटला एकतर पूर्ण फ्लो मिळतो नाहीतर शून्य.

हिशोबाला एक टँक घेऊ. 25 चौरस मीटरचा, ट्रान्समीटरची रेंज 4 मीटर, म्हणजे 0 ते 100 टक्क्यांत 100 घनमीटर पाणी. पंप जास्तीत जास्त तासाला 40 घनमीटर देतो. सरासरी येणारं पाणी तासाला 20, लेव्हल 50 टक्के, सगळं स्थिर चाललंय. आता कापड रंगवणाऱ्या एका सॉफ्ट फ्लो मशीनने बाथ, म्हणजे रंगवून झालेलं पाणी, सोडला, 10 मिनिटांत 5 घनमीटर, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं तासाला 30 घनमीटर जादा पाणी आत आलं. डाय हाऊसमधे हे दिवसभर चालू असतं, कधी दोन मशीन एकदम रिकामी होतात तर कधी अर्धा तास काहीच येत नाही.

गेन म्हणजे लेव्हल एक टक्का हलली की पंपाचा फ्लो किती टक्के हलवायचा तो आकडा. घट्ट कंट्रोल म्हणजे गेन 10 धरू. 10 मिनिटं संपेपर्यंत पंपाचा फ्लो 20 वरून जवळजवळ 35 वर जातो आणि मग पाऊण तासात परत खाली येतो. लेव्हल किती वाढली? साधारण 15 सेंटीमीटर. आता तोच टँक, तोच बाथ, फक्त गेन 1. फ्लो 20 वरून 22 च्या आतच राहतो, आणि लेव्हल वाढते 19 सेंटीमीटर. परत वाचा हे, कारण सगळा निर्णय इथंच आहे. चार मीटरच्या टँकमधे चार सेंटीमीटर वाचवायला घट्ट कंट्रोलने फ्लोला 15 चा धक्का दिला, आणि त्या चार सेंटीमीटरची गरज कोणालाच नव्हती, ना टँकला ना पंपाला. धक्का मात्र सगळा पुढं गेला.

पुढं काय असतं ते बघा. गाळ गोळा करायला चुना किंवा पीएसी या केमिकलचं डोसिंग, मग प्रायमरी क्लॅरिफायर, मग एरेशन. क्लॅरिफायरचं क्षेत्रफळ 20 चौरस मीटर असेल तर 20 च्या फ्लोला पाणी तासाला 1 मीटर वेगाने वर चढतं, 35 ला पावणेदोन मीटर. यापेक्षा हळू बसणारा जो बारीक फ्लॉक आहे तो खाली बसतच नाही, विअरवरून उडून जातो, रंगीत गाळ पुढं एरेशनमधे. डोसिंग पंप बहुतेक ठिकाणी हातानं सेट केलेला असतो, त्यामुळं फ्लो 35 झाला तरी केमिकल 20 चंच पडतं, आणि ऑपरेटर म्हणतो आज पीएसी खराब आलंय. पीएसी चांगलंच असतं बऱ्याचदा, फ्लो नाचत असतो. आपल्याकडं हे चालतंय का ओळखायचं असेल तर लेव्हल आणि फ्लो दोन्हीचा ट्रेंड एकाच स्क्रीनवर एका शिफ्टसाठी लावा. लेव्हल पट्टीने ओढल्यासारखी सरळ आणि फ्लो करवतीसारखा दिसला की समजायचं, एवढा 100 घनमीटरचा टँक बांधला पण तो नुसता रुंद पाइप म्हणून वापरात आहे.

यावर मालकांचं म्हणणं ठरलेलं असतं, "साहेब, सेटपॉइंट 50 टाकलाय की ओ, लेव्हल 70 ला कशी काय जायलीय? कंट्रोलर बिघडला का?" बिघडला नाही, ते त्याचं कामच आहे. उजनीची पातळी बारा महिने एकाच रेघेवर ठेवा असं सोलापुरात कोणी म्हणणार नाही, तसंच हे. ॲव्हरेजिंगमधे सेटपॉइंट हा गाठायचा आकडाच नसतो, फक्त मधली खूण असते. खरा नियम एवढाच की वरून सांडायचं नाही आणि खालून पंप कोरडा पडायचा नाही, मधली सगळी जागा वापरायला मोकळी.

याचं सगळ्यात साधं रूप म्हणजे फक्त प्रपोर्शनल, म्हणजे लेव्हल 50 पासून जितकी सरकली त्या प्रमाणात फ्लो, आणि फरकाची बेरीज करत लेव्हल 50 वर परत ओढणारा इंटिग्रल बंद. खाली PV म्हणजे लेव्हल आणि OP म्हणजे पंपाचा फ्लो, दोन्ही टक्क्यांत, आणि Kc म्हणजे गेन:

```
OP = 50 + Kc * (PV - 50)
```

Kc 1 ठेवला की लेव्हल जितके टक्के तितकाच फ्लो टक्के, बस. टँक रिकामा झाला तर फ्लो शून्य, काठोकाठ भरला तर पंप फुल. येणारं पाणी बराच वेळ पंपाच्या ताकदीपेक्षा जास्त राहिलं नाही तर टँक सांडूच शकत नाही. समजा दुसरी शिफ्ट सुरू झाली आणि आवक 20 वरून 30 झाली आणि तिथंच राहिली. गेन 10 वर फ्लो पाव तासात 26 च्या पुढं जातो, गेन 1 वर तेवढंच अंतर कापायला अडीच तास लागतात, सुरुवातीला फ्लो दर तासाला फक्त 4 ने वाढतो. हा अडीच तासाचा आकडा टँकचा आहे, 100 भागिले 40. शेवटी लेव्हल 75 टक्क्यांवर जाऊन थांबते आणि आवक कमी होईपर्यंत तिथंच राहते. एरेशनमधल्या बॅक्टेरियाला आणि डोसिंग बघणाऱ्या माणसाला दोघांनाही अडीच तास मिळतात, हे लई मोठं आहे.

आता जिथं बहुतेक लोक अडकतात ते सांगतो. कोणीतरी ऐकलेलं असतं की ॲव्हरेजिंगला गेन कमी करायचा, मग गेन 1 करतात पण इंटिग्रल टाइम पहिलाच 10 मिनिटं राहू देतात. टँक हा स्वतःच पाणी साठवून बेरीज करत असतो, त्यात कंट्रोलरची दुसरी बेरीज घातली की दोघं मिळून झुलायला लागतात. वरच्या टँकला गेन 1 आणि इंटिग्रल 10 मिनिटं असेल तर चार तासांची लाट येते, लेव्हल पण झुलते आणि फ्लो पण, आणि ती मरायला पुढचा दिवस उजाडतो, तोवर नवा धक्का आलेला असतो. ऑपरेटर बघतो की झुलतंय, मग गेन अजून कमी करतो, जे दुसऱ्या लूपला बरोबर असतं पण इथं उलटं होतं, गेन अर्धा केला की लाट पावणेसहा तासांची आणि अजून हट्टी होते. इंटिग्रल ठेवायचाच असेल तर गेन गुणिले इंटिग्रल टाइम हे टँकच्या वरच्या अडीच तासांच्या चौपट तरी पाहिजे, म्हणजे आपल्या टँकला गेन 1 तर इंटिग्रल 10 तास, मिनिटं नव्हे. आणि तरीसुद्धा लेव्हलला 50 वर परत आणायचं म्हटलं की मधे काही वेळ आवकेपेक्षा जास्त उपसावंच लागतं, आवकेतल्या उडीच्या साधारण साडेतेरा टक्के जास्त. फक्त प्रपोर्शनलमधे एका उडीला फ्लो आवकेच्या पुढं कधीच जात नाही. म्हणून मी इक्वलायझेशन टँकला इंटिग्रल लावत नाही, मला त्याचं कारणच दिसत नाही.

ॲव्हरेजिंगची पण किंमत आहे, ती लपवून चालणार नाही. लेव्हल खाली असेल तेव्हा टँकमधे मिसळायला पाणी कमी असतं, मग एखादा काळा किंवा कडक अल्कलीचा बाथ आला की तो तितका पातळ होत नाही. फ्लो शांत झाला म्हणजे पीएच आणि रंग पण शांत झाले असं नाही, त्याला हवेचं मिक्सिंग चालू पाहिजे आणि तळाला थोडं पाणी राखून ठेवलं पाहिजे. म्हणून 15 टक्क्यांच्या खाली पंप बंद आणि 90 च्या वर पंप फुल असं केलं तर उरलेल्या 75 टक्क्यांत सगळा फ्लो बसवायचा, गेन साधारण 1.33 येतो. गड्ड्याच्या सुट्टीत मशीन बंद असतात तेव्हा लेव्हल खालीच जाऊन बसणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरी अडचण पंपाची. लेव्हलचं आउटपुट सरळ व्हीएफडीच्या हर्ट्झला जोडलं की टक्के आणि फ्लो जुळत नाहीत. समजा पंपाचा बंद व्हॉल्व्हवरचा हेड 20 मीटर आणि पाणी चढवायचं 6 मीटर, तर 27 हर्ट्झच्या खाली पंप नुसता फिरतो, पाणी एक थेंब पुढं जात नाही. त्यामुळं मॅग्नेटिक फ्लो मीटर असेल तर लेव्हल कंट्रोलरने फ्लोचा सेटपॉइंट द्यायचा आणि फ्लो कंट्रोलरने पंप चालवायचा. मीटरचा खर्च आहे, पण हिशोब तेव्हाच खरा उतरतो.

फेसाचं पण बघा. टेक्सटाइलच्या पाण्यावर फेस असतो, अल्ट्रासॉनिक ट्रान्समीटर त्यात गोंधळतो, हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वरखाली होत असतं. गेन 10 वर रीडिंग 2 टक्के हललं की आउटपुट 20 टक्के हलतं, गेन 1 वर 2 च. बुडवून ठेवायचा हायड्रोस्टॅटिक ट्रान्समीटर दोन्ही पद्धतींना बरा.

मग घट्ट कंट्रोल कुठं घ्यायचा? त्याच डाय हाऊसच्या बॉयलर ड्रमला, तिथं लेव्हल हलली तर एकतर ट्यूब जळेल नाहीतर स्टीमबरोबर पाणी जाईल. ज्या रिॲक्शन टँकमधे पाणी ठरावीक वेळ थांबलंच पाहिजे तिथं. आणि टँक फारच लहान असेल तर ॲव्हरेजिंगचा फायदा पण आटतो. वरचाच बाथ 15 घनमीटरच्या खड्ड्यात सोडला तर गेन 1 ठेवूनही फ्लो 11 ने उडी मारतो, तेव्हा आधी टँक वाढवा, कंट्रोलरशी खेळून काही मिळणार नाही. मशीनच्या एका मोठ्या बाथच्या दहापट तरी वापरता येईल अशी जागा टँकमधे असेल तर मी डोळे झाकून ॲव्हरेजिंग सांगेन.

सेटिंग करणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. काही कंट्रोलरवर गेनऐवजी प्रपोर्शनल बँड असतो, 100 टक्के बँड म्हणजे गेन 1. इंटिग्रल बंद करायला कुठं 0 टाकतात तर कुठं सगळ्यात मोठा आकडा, ते मॅन्युअलमधे बघूनच करा, कारण उलटं टाकलं तर लाट येईल. आणि मॅन्युअलमधून ऑटोत घेताना झटका बसू नये म्हणून बरेच पीआयडी ब्लॉक बायस, म्हणजे वरच्या ओळीतला पहिला 50, स्वतःच बदलून टाकतात. इंटिग्रल असेल तर तो नंतर सावरतो, पण इंटिग्रल नसला की तो चुकीचा बायस तसाच बसून राहतो. लेव्हल 80 असताना कोणी पंप मॅन्युअलला 30 टक्क्यांवर ठेवून ऑटो दाबलं की 100 टक्के लेव्हलला पण फ्लो 50 टक्केच मिळणार, आणि रात्री टँक सांडणार. पीएलसीत पीआयडी ब्लॉक न वापरता वरची एक ओळ सरळ कॅल्क्युलेशन म्हणून लिहिली तर हा घोळ होतच नाही, 90 टक्क्यांच्या वर दुसरा पंप चालू करायचा इंटरलॉक मात्र फ्लोट स्विचवरून वेगळा ठेवा, ट्रान्समीटरवरून नको.