वायर्ड ८०२.१एक्स: काही महिने वापरल्यावरचा अनुभव (आणि कापलेला एक स्टार)

भिंतीतल्या लॅन सॉकेटवर ८०२.१एक्स लावलेल्या ऑफिसात मी गेले काही महिने काम करतोय. मशीन सर्टिफिकेटवर चालणारं ईएपी-टीएलएस, सर्व्हर विंडोजचा एनपीएस, लॅपटॉप विंडोज ११. पोर्ट ओळख पटल्याशिवाय ट्रॅफिक सोडत नाही, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच, ते पुन्हा सांगत नाही. चालतं तेव्हा ते आहे हेसुद्धा विसरायला होतं. केबल लावली की दोनतीन सेकंदांत नेटवर्क हजर, पासवर्ड वगैरे काही नाही. त्यासाठी पाचपैकी पाच द्यायला मी तयार होतो.

मग लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकून मिळालं, आणि सॉकेट मेलं. दिवा हिरवा, पत्ता 169.254 चा, वाय-फाय मात्र मजेत. सपोर्टवाल्यांचं पहिलं वाक्य, "डॉक बदलून बघा." का बदलू? तोच डॉक, तीच केबल शेजारच्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपला लावली तर लगेच चालली. हिरवा दिवा म्हणजे फक्त तारेत जीव आहे. पोर्टने आत घेतलंय की नाही, ते त्यावरून कळत नाही. चांगलं चालणारं सामान फेकून तिकीट बंद करायची ही सवय मला पटत नाही, म्हणून स्वतःच बघायला बसलो.

बघायची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे लॅपटॉपवरचं वायरशार्क. फिल्टरमध्ये `eapol` एवढंच लिहा. ओळखपाळखीची ही पाकिटं आयपी पत्ता मिळण्याआधीच जातात-येतात, त्यामुळे नेट नसलं तरी दिसतात. मला दिसलं ते असं: स्विच दर ३० सेकंदांनी "तू कोण?" विचारतोय आणि लॅपटॉप ढिम्म. म्हणजे बोलणारा, अर्थात सप्लिकंट, जागाच नाही. पुढे खात्री करायला:

```
sc query dot3svc
netsh lan show profiles
```

पहिल्याने STOPPED सांगितलं, दुसऱ्याने सर्व्हिस चालू नसल्याची तक्रार केली. वायर्ड ऑटोकॉन्फिग नावाची ही सर्व्हिस विंडोजमध्ये मुळात मॅन्युअल असते, आणि ती बंद असेल तर नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला 'ऑथेंटिकेशन' टॅब दिसतच नाही. सेटिंग चुकलंय म्हणून शोधायला जावं, तर सेटिंगचं पानच गायब! वाय-फायची सर्व्हिस वेगळी असल्यामुळे ते बिनबोभाट चालत राहतं आणि संशय सॉकेटवर जातो.

```
sc config dot3svc start= auto
net start dot3svc
```

अॅडमिन हक्कांनी हे दोन चालवले आणि टॅब आला. त्यात पीईएपी निवडलेलं होतं, ते बदलून 'स्मार्ट कार्ड ऑर अदर सर्टिफिकेट' केलं आणि अॅडिशनल सेटिंग्जमध्ये कॉम्प्युटर ऑथेंटिकेशन ठेवलं. सॉकेट चालू. खरं तर हे ग्रुप पॉलिसीतून आपोआप यायला हवं. ती पोचेपर्यंतच्या मशीनचे हाल होतात. एक स्टार कमी, चारवर आलो.

इथून पुढचं काही आठवड्यांनी लिहितोय, कारण मत बदललं.

एका सोमवारी आमच्या मजल्यावर पुन्हा तेच. पण गंमत अशी, की शुक्रवारी लॅपटॉप जोडलेलाच सोडून गेलेल्यांचं व्यवस्थित चाललं होतं. सकाळी येऊन केबल लावणारेच अडकले होते. सर्व्हिस चालू, सर्टिफिकेटची मुदत शिल्लक. वायरशार्कमध्ये या वेळी लॅपटॉपने ओळख सांगितलेली दिसली, त्यानंतर वीसेक सेकंद शांतता, आणि मग थेट फेल्युअर. ही शांतताच महत्त्वाची. रेडियस सर्व्हरने नाकारलं असतं तर उत्तर क्षणात आलं असतं. सर्टिफिकेटची भानगड असती तर टीएलएसची देवाणघेवाण सुरू होऊन अर्ध्यात तुटली असती. इथे ती सुरूच झाली नाही. वीस सेकंदांचं गणितही जुळतं: आमचा स्विच उत्तरासाठी ५ सेकंद थांबतो आणि आणखी ३ वेळा विचारतो. म्हणजे स्विच विचारत होता आणि पलीकडून कुणी बोलत नव्हतं. आधी ज्यांना आत घेतलं होतं त्यांची सेशन्स पुन्हा पडताळणीची वेळ येईपर्यंत चालू राहतात, म्हणून ते वाचले.

नेटवर्कवाल्या सहकाऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अहो, सर्व्हर पिंग होतोय की स्विचवरून!" होणारच. पिंगने रस्ता आहे एवढंच कळतं. रेडियस यूडीपी १८१२ वर चालतं आणि अनोळखी पत्त्यावरून आलेली विनंती सर्व्हर नाकारत नाही, गुपचूप टाकून देतो. शेअर्ड सीक्रेट चुकलं आणि त्यामुळे पाकिटावरची सही जुळली नाही, तरी तसंच. स्विचच्या बाजूने बंद सर्व्हर आणि न ओळखणारा सर्व्हर सारखेच दिसतात. `show aaa servers` मध्ये विनंत्या वाढत होत्या, टाइमआउटही तसेच, पण रिजेक्ट एकही नाही.

म्हणून त्याला सर्व्हरचा सिस्टिम लॉग उघडायला लावला. तिथे एनपीएसचा इव्हेंट १३ ओळीने पडलेला: अवैध रेडियस क्लायंटकडून संदेश आला, आणि पुढे आयपी. नाकारलेल्या लॉगिनचा ६२७३ शोधत बसलं असतं तर काहीच सापडलं नसतं, कारण लॉगिनपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. तो आयपी आमच्याच स्विचचा, पण वेगळ्या व्हीलॅनचा होता. शनिवार-रविवारी स्विचला नवा व्हीलॅन इंटरफेस आणि नवा रूट दिला होता. स्विच रेडियसची पाकिटं ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतात त्याचाच पत्ता लावतो, आणि सर्व्हरच्या यादीत जुना पत्ता होता. इलाज एका ओळीचा:

```
ip radius source-interface Vlan20
```

स्विचवर ही ओळ पडली आणि शेजारच्यांनी केबल लावली की नेट यायला लागलं. लाइट गेल्यावर फ्यूज बघायचा तसा सर्व्हरचा लॉग आधी बघितला असता तर सकाळ वाचली असती, असं सहकारी स्वतःच म्हणाला.

माझं मात्र अजून बंदच! आणि कापलेला दुसरा स्टार याच्यासाठी आहे. एकदा फेल्युअर मिळालं की विंडोज पुढची २० मिनिटं स्विचच्या प्रश्नांना उत्तरच देत नाही. सगळं दुरुस्त झालेलं असतं, वायरशार्कमध्ये "तू कोण?" येत असतं, आणि लॅपटॉप रुसून बसलेला. ज्याला हे माहीत नाही तो दुरुस्ती चुकली समजून बरोबर केलेला बदल मागे फिरवतो, आणि मग खरंच बिघडतं. माझी केबल टेबलावरच्या आयपी फोनमधून जाते, त्यामुळे सॉकेटची बाजू काढून लावली तरी लॅपटॉपला लिंक तुटल्याचं नीट कळेल याचा भरवसा नाही. नेटवर्क कार्ड डिसेबल-एनेबल केलं तेव्हा लगेच जोडलं गेलं. कायमचा उपाय:

```
netsh lan set blockperiod value=1
```

रुसवा एका मिनिटावर येतो. शून्यही चालतं, पण सर्टिफिकेट खरोखर बाद झालेला लॅपटॉप मग रेडियसला सारखा छळत बसेल, म्हणून मी एकच ठेवलं. हे सगळ्या मशीनवर ग्रुप पॉलिसीतून करा म्हणून तिकीट टाकलंय. त्यावर सपोर्टचं उत्तर आलं: "डॉकचा मॉडेल नंबर कळवा."

तूर्तास पाचपैकी तीन.