ज्यूस हीटरच्या लूपला कुठला थर्मोवेल घ्यायचा: जाड सरळ, टोकाला बारीक, का वेलच नको?

ऑफ सीझनला सांगली-साताऱ्याकडच्या बहुतेक कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटची खरेदी निघते आणि थर्मोवेलची ऑर्डर "मागच्यासारखाच द्या" म्हणून जाते, मग गाळप सुरू झालं की सल्फाईट रसाच्या हीटरचं टेंपरेचर हेलकावे खातंय म्हणून सगळे पीआयडीचे आकडे फिरवत बसतात. तर ऑर्डर द्यायच्या आधी तिन्ही पर्याय शेजारी ठेवून बघूया, आणि बघायचं ते किमतीवर नाही तर लूप किती स्थिर राहतो त्यावर.

पर्याय असे. पहिला, बारस्टॉकमधून काढलेला सरळ जाड वेल, आत 6 मिमीचा सेन्सर सैल बसलेला, मधे हवेची फट. दुसरा, टोकाकडं बारीक होत गेलेला वेल, आत स्प्रिंगवाला सेन्सर ज्याचं टोक वेलच्या तळाला दाबून टेकतंय. तिसरा, वेल न लावता शीथच थेट रसात. आपल्याकडं 102-103 डिग्रीला बहुधा पीटी-100 असतो, काही ठिकाणी थर्मोकपल, आणि थर्मोकपल फास्ट असतो म्हणून तो घ्यायचा विचार असेल तर थांबा, कारण वेल तोच ठेवला तर उशीर वेलच्या लोखंडाचा आणि हवेच्या फटीचा आहे, आतल्या एलिमेंटचा त्यात वाटा थोडाच.

आता हिशोब. एक हीटर धरा, त्याचा स्वतःचा लॅग 60 सेकंद, हीटरच्या तोंडापासून सेन्सर 15 मीटर लांब आणि रस 1.5 मीटर प्रति सेकंदानं चाललाय म्हणजे 10 सेकंद डेड टाइम. पीआय कंट्रोलर, कंट्रोलर आणि प्रोसेसचा मिळून गेन 3, रिसेट 60 सेकंद. तिन्ही पर्यायांना हेच ट्युनिंग. सेन्सरचा लॅग उघड्या शीथचा 3 सेकंद, बारीक टोकाच्या वेलचा 15, जाड सैल वेलचा 40 (हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्याकडचे मोजून घ्या, कसे ते खाली सांगतो).

फेज मार्जिन म्हणजे लूपमधला सिग्नल फिरून परत येताना 180 अंश मागं पडायला अजून किती अंश शिल्लक आहेत ते. उघड्या शीथला 53 अंश येतात, छान शांत लूप. बारीक टोकाच्या वेलला 33, म्हणजे एक-दोन झोके देऊन बसतो. जाड वेलला फक्त 21, तिथं मिल थोडी कमी-जास्त झाली की लूप बराच वेळ झुलत राहतो. व्हॉल्व्ह तोच, हीटर तोच, ट्युनिंगही तेच, बदलला फक्त वेल.

इथं एक गोष्ट लोकांना फसवते. गेन किती पट वाढवला की लूप पार सुटेल हे बघितलं तर तिन्हींत फार फरक दिसत नाही, 2.6 पट, 2.2 पट आणि 2.1 पट. कारण लॅग सिग्नलला उशीर करतो तसा लहानही करतो. त्यामुळं कमिशनिंगला गेन दुप्पट करून बघणारा माणूस "सुटत नाही, चांगलाय" म्हणून निघून जातो, आणि झुलणं मात्र मागं राहतं. जाड वेलचा लूप तपासायचा तर सेटपॉइंट एक डिग्रीनं हलवा आणि झोके किती वेळात विरतात ते मोजा.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. जाड वेलचा हा लूप साधारण 200 सेकंदांच्या झोक्यानं हलतो, आणि त्या वेगाला 40 सेकंदांचा सेन्सर खऱ्या झोक्याचा 62 टक्केच दाखवतो. म्हणजे स्क्रीनवर दोन डिग्री वर-खाली दिसतंय तेव्हा पाइपातला रस तीन डिग्रीच्या वर हलतोय. फ्लॅश टाकीच्या व्हेंटमधनं वाफेचा लोट उसळलेला डोळ्यानं दिसतो आणि स्क्रीन अजून 102 च्या आसपासच दाखवत असते, हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. ऑपरेटर तेव्हा स्क्रीनवर विश्वास ठेवतो आणि क्लॅरिफायरला कधी उकळता, कधी थंड रस जात राहतो.

"वेल राहू दे, ट्युनिंगच हळू करतो" हाही एक पर्याय आहेच, त्याची किंमत बघा. जाड वेलला परत 53 अंश मिळवायचे तर गेन जवळजवळ एक तृतीयांश करावा लागतो. रिसेट तोच ठेवून गेन तिसऱ्या हिश्श्यावर आला की रसाचा फ्लो बदलल्यावर टेंपरेचरचं जे विचलन साठतं ते तिप्पट होतं. बारीक टोकाच्या वेलला तेवढंच मार्जिन पाहिजे तर गेन 3 वरनं 1.7 केला की भागतं. डेरिव्हेटिव्ह घालून लॅग खोडून काढता येतो खरा, पण 40 सेकंदांचं डेरिव्हेटिव्ह घातलं की 0.1 डिग्रीच्या प्रत्येक पायरीला व्हॉल्व्ह ठोके मारतो आणि ग्लँड पॅकिंग लवकर जातं.

मग उघडा शीथच का नको? रसात बगॅसिलो असतो, वाळूचे कण असतात, शीथ झिजतो, आणि गाळप चालू असताना सेन्सर बदलायचा तर लाइन थांबवावी लागते. रसाच्या लाइनला मी तो लावणार नाही. स्वच्छ गरम पाण्याच्या छोट्या स्किडला, जिथं दहा मिनिटं बंद करता येतं, तिथं खुशाल लावा.

रसाच्या लाइनला माझं मत बारीक टोकाच्या वेललाच. फक्त दोन अटी. एक, टोक बारीक केलं की प्रवाहात तो थरथरायची शक्यता वाढते, म्हणून सप्लायरकडनं तुमच्या रसाच्या वेगाला एएसएमई पीटीसी 19.3 टीडब्ल्यू प्रमाणे वेक फ्रिक्वेन्सीचं कॅल्क्युलेशन मागा. दोन, टोक प्रवाहाच्या मधोमध पोचलं पाहिजे, नोजलच्या गळ्यात अडकलेला वेल कितीही बारीक असला तरी सुस्तच. आणि सीझन पुढं गेला की वेलवर स्केल चढतं, लॅग वाढत जातो, म्हणून हीटर साफ कराल तेव्हा वेलही काढून साफ करा. जाड वेल मोठ्या टाकीला चालतो, जिथं प्रोसेसच वीस मिनिटांची आहे आणि लूप सावकाश चालवला तरी कुणाचं अडत नाही.

सेन्सरचा लॅग मोजायचा असा: वेल आणि सेन्सर दोन्ही एकत्र जोडून 30 डिग्रीच्या पाण्यात मुरू द्या, मग 90 डिग्रीच्या ढवळत्या पाण्यात घाला आणि रीडिंग 68 ला पोचायला किती सेकंद लागले ते बघा, कारण 60 डिग्रीच्या उडीचे 63 टक्के म्हणजे 38. नुसता सेन्सर बुडवून मोजलेला आकडा कामाचा नाही. बादलीत पाइपाएवढा वेग नसतो म्हणून आकडा थोडा जास्त येईल, तुलनेला चालतो.

आणि ऑर्डर देण्याआधी ट्रान्समीटरचं डॅम्पिंग आणि डीसीएसमधला फिल्टर उघडून बघा, ट्रेंड गुळगुळीत दिसावा म्हणून कुणीतरी तिथं वीस-वीस सेकंद घालून ठेवलेले सापडतात, ते लूपला वेलसारखेच लागतात आणि काढायला पैसे पडत नाहीत.