बायपोलरसाठी गट: 6 सत्रांचा की 21 सत्रांचा?

भावाचा बायपोलर आजार सध्या आटोक्यात आहे; आजार ओळखायला आणि सांभाळायला शिकवणाऱ्या कोणत्या गटात त्याला घालावं, असं एका ताईंनी विचारलं. औषधं दोन्हीकडे चालूच राहतात.

वेळेचा हिशेब सरळ आहे: छोटा गट दीड महिन्यात संपतो, बार्सिलोनात तयार झालेल्या पद्धतीचा लांब गट 21 आठवडे चालतो, दर वेळी 90 मिनिटं, 8 ते 12 जण.

खरा फरक मूड चार्टमध्ये पडतो. लांब गटाचं सत्र साधारण असं: 20 मिनिटं सगळ्यांचे चार्ट, 40 मिनिटं विषय, उरलेला वेळ चर्चा. चार्टवर रोजचा मूड, उणे 3 म्हणजे अगदी खिन्न ते अधिक 3 म्हणजे अति उत्साही, आणि झोपेचे तास. समजा, एकाची झोप सात तासांवरून पाचवर आली, तरी थकवा नाही, मूड अधिक 1. त्याला वाटतं, 'मस्त चाललंय'. गटातला दुसरा म्हणतो, "माझंही असंच सुरू झालं होतं." उन्माद, म्हणजे अति उत्साहाचा टप्पा, असा सुरू होताना ओळखायला सहा आठवड्यांत क्वचितच संधी मिळते.

दिनचर्येचंही तसंच. उठण्याची वेळ पक्की करणं लवकर शिकता येतं, पण प्रवास किंवा रात्रपाळीनंतर ती सावरणं सरावानेच जमतं.

नुकतंच निदान झालेल्या, सुट्टी न मिळणाऱ्याला छोटा गट पुरे. आजार वारंवार उलटत असेल तर लांब. उन्माद चालू असताना मात्र कोणताच नको, आधी डॉक्टर.