बँक आणि अ‍ॅप रोज जुळत होतं, तरी १७ दिवस आमचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जात होते

गिरगावात ठाकूरद्वारजवळ आमचं मसाले, पिठं आणि फराळाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि हे मिळून बघतो. श्रावणात आमच्याबरोबर जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्यासारखाच हिशेब ठेवणारी निदान दहा दुकानं माझ्या माहितीतली आहेत आणि त्यांच्यापैकी कुणालाही हे कळलं नसतं.

दुकानात दोन क्यूआर आहेत. एक गल्ल्यावर, साउंडबॉक्सच्या शेजारी. दुसरा फूटपाथकडच्या खिडकीवर, अ‍ॅक्रिलिकच्या उभ्या पाटीत. तिथे आमच्याकडे कामाला असलेला पोरगा चकली, चिवडा, भाजणी असा सुटा माल देतो. दोन्ही क्यूआर एकाच खात्याचे, पेमेंट कंपनीने दिलेले. दिवसभरात जमलेली रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी एकरकमी बँकेत येते. स्टेटमेंटमध्ये गिऱ्हाइकांची नावं येत नाहीत, कंपनीच्या नावाने एकच नोंद येते.

रात्री मी अ‍ॅपमधली दिवसाची बेरीज वहीत लिहायचे आणि सकाळी बँकेचा मेसेज आला की दोन आकडे ताडून पाहायचे. महिन्यातून एकदा साउंडबॉक्सचं भाडं जीएसटीसकट ११८ रुपये कापून येतं, तेवढाच काय तो फरक. बाकी पैसा न पैसा जुळायचा. मला वाटायचं, आपला हिशेब चोख आहे.

एका बुधवारी संध्याकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक काकू आल्या. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी उपासाची भाजणी मागितली होती आणि गर्दीत पोराने थालीपिठाची दिली. उपासाची संपली होती, म्हणून मी म्हटलं, पैसे परत करते. रक्कम ५४० रुपये. अ‍ॅपवर मंगळवारची दुपार उघडली, तर ५४० ची नोंदच नाही.

“काकू, पैसे नक्की गेले होते ना?”

“अगो, गेले म्हणजे काय, हे बघ,” म्हणत त्यांनी फोन पुढे केला.

हिरवी खूण होती, रक्कम बरोबर, तारीख बरोबर, खाली यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक. तो क्रमांक मी आमच्या अ‍ॅपच्या शोधात टाकला, काही सापडलं नाही. मग फोन हातात घेऊन नीट वाचला. पैसे ज्याला गेले तिथे आमच्या दुकानाचं नाव नव्हतं. एका अनोळखी माणसाचं नाव होतं.

मी खिडकीपाशी जाऊन माझ्या फोनवरून तो क्यूआर स्कॅन केला. तेच अनोळखी नाव आलं. पाटीच्या कडेवरून नख फिरवलं तर कागदाची धार लागली. आमच्या क्यूआरवर बरोबर त्याच मापाचा स्टिकर चिकटवलेला होता. रंग तोच, वर छापलेलं दुकानाचं नावही आमचंच. स्टिकरवर काय छापायचं ते छापणाऱ्याच्या हातात असतं. पैसे कुणाकडे चाललेत ते स्कॅन केल्यावर, पिन टाकायच्या आधी फोनवर जे नाव येतं त्यावरूनच कळतं.

त्या क्षणी मी एक मोठी चूक केली. संतापाच्या भरात स्टिकर ओरबाडून काढला आणि तो मधोमध फाटला. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी पाटीसकट फोटो काढा, स्कॅन केल्यावर येणाऱ्या नावाचा स्क्रीनशॉट घ्या, पाटी तशीच उचलून आत ठेवा आणि पोलिसांना दाखवा.

त्या रात्री बिलबुकं काढून बसलो. आमच्या बिलबुकात कार्बन कॉपी राहते आणि पोरगा प्रत्येक बिलावर कोपऱ्यात रोखीला ‘रो’, ऑनलाइनला ‘ऑ’ लिहितो. ही सवय सासऱ्यांच्या वेळच्या ‘रोख’ आणि ‘उधार’वरून आलेली. पण त्या खुणांची बेरीज आजवर कुणी केली नव्हती.

मंगळवारचा हिशेब असा निघाला. एकूण विक्री १८,४६० रुपये. त्यातली ‘ऑ’ बिलं १२,२५० ची. अ‍ॅपमध्ये मात्र जमा १०,१३०. आणि बुधवारी सकाळी बँकेत आलेले? १०,१३०. अ‍ॅप आणि बँक जुळत होतं, तरी २,१२० रुपये कुठेच नव्हते.

मग एकेक ‘ऑ’ बिल अ‍ॅपमधल्या रकमेशी आणि वेळेशी लावून टिक करत गेलो. शेवटी सात बिलं उरली: ४८०, २६०, ३२०, ५४०, १८०, २०० आणि १४०. बरोबर २,१२०. सातही बिलं खिडकीवरची.

आमच्या डोक्यात कधी आलं नाही ते इथे होतं. अ‍ॅप आणि बँक ताडून एवढंच कळतं की कंपनीकडे जमलेले पैसे तिने आपल्याला पूर्ण दिले की नाही. जे पैसे आपल्या क्यूआरवर आलेच नाहीत ते अ‍ॅपलाही दिसत नाहीत आणि बँकेलाही. दोन्हीकडून सारखीच रक्कम गायब असते, म्हणून दोन्ही आकडे हुबेहूब जुळतात. तिसरा आकडा लागतो तो आपल्या विक्रीचा, आणि तो फक्त आपल्याच बिलबुकात असतो.

रोखीवरूनही हे कळायला हवं होतं, पण गल्ल्यातून आम्ही दिवसभर पैसे उचलायचो. दूधवाला, भाजी, टेम्पोचं भाडं, सगळं त्यातूनच. त्यामुळे रात्री गल्ल्यात किती असायला हवेत हे माहीतच नसायचं. ऑनलाइन कमी आलं तर वाटायचं, आज रोखीने जास्त गेलं असेल.

मागे मागे जात फरक कुठे सुरू झाला ते शोधलं. बुधवार धरून १७ दिवस भरले आणि एकूण २८,६४० रुपये गेले होते. कुठल्याच दिवशी अडीच हजारांच्या वर नाही, म्हणून डोळ्यांत आलं नाही.

हे लिहिताना मला सगळ्यात जास्त त्रास एका गोष्टीचा होतो. सात बिलं खिडकीवरची निघाली तेव्हा माझ्या मनात पहिला संशय आमच्या पोरावर आला. स्टिकरवरचं नाव कुणा नातेवाइकाचं असेल, असं मी त्याच्यासमोर बोलून गेले. कणकवलीचा पोर, चार वर्षं आमच्याकडे आहे. त्याने स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला. “काकी, बघा सगळा. मी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर हिरवा टिक बघत होतो. नाव कधी वाचलाच नाय.” आणि ते खरंच होतं. गिऱ्हाइकांचा स्क्रीन खोटा नव्हता, पैसे खरोखर गेले होते. साउंडबॉक्स बारा फुटांवर आत, बाहेर बसचा आवाज, आणि आतल्या गिऱ्हाइकांसाठी तो मधूनमधून बोलतच असायचा, त्यामुळे खिडकीसाठी तो गप्प आहे हे कळलंच नाही. पाटी दुपारी मी जेवायला घरी जाते तेव्हाही खिडकीवरच असायची. हात लांब करून स्टिकर लावायला पाच सेकंद पुरतात. मी त्याची माफी मागितली, त्याच्या आईला फोन करूनही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. तिथे एक अडचण येते, ती आधीच ठाऊक असू द्या. तक्रारीत व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि तारीख लागते. आमच्या खात्यात व्यवहारच झालेला नव्हता, तर क्रमांक कुठून आणणार? तो गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये. म्हणून मी ओळखीच्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावले. नऊ जणांनी यूटीआरसह स्क्रीनशॉट पाठवले. ते जोडून तक्रार पूर्ण केली आणि पोलीस स्टेशनलाही दिली. ज्या खात्यात पैसे गेले तिथे शिल्लक असतील तर ते रोखून ठेवता येतात, पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं. आम्हाला कळलंच १७ दिवसांनी. सोसायटीच्या कॅमेऱ्यात १५ दिवसांचंच चित्रण राहतं, त्यामुळे स्टिकर लावणारा त्यातही नाही.

आता दुकान उघडल्यावर पोरगा दोन्ही क्यूआरच्या कडांवरून नख फिरवतो आणि प्रत्येकावर एक रुपया पाठवतो. नाव वाचायचं आणि साउंडबॉक्स बोललेला ऐकायचा, मगच पाटी खिडकीवर जाते. दुपारी मी जेवून आले की पुन्हा एकदा. खिडकीसाठी दुसरा साउंडबॉक्स घेतला. गल्ल्यात सकाळी मोजून २,००० ठेवतो आणि जे उचलू त्याची चिठ्ठी आत टाकतो. रात्री आधी ‘ऑ’ बिलांची बेरीज, मग अ‍ॅपची, मग २,००० अधिक रोख विक्री उणे चिठ्ठ्या म्हणजे गल्ल्यात काय हवं ते. सकाळी बँक. सगळं मिळून वीस मिनिटं जातात.

फरक आला म्हणजे लगेच चोरीच झाली असंही नसतं. कधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे वजा होतात आणि आपल्याला जमा झाल्याचं कळत नाही. दुकानाला केलेला असा व्यवहार अडकला तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप गिऱ्हाइकाला परत जायला हवेत. त्या बिलावर मी यूटीआर लिहून ठेवते आणि रोज शोधते. एखाद्या दिवशी एखादं बिल असं राहतं. एकाच क्यूआरवरची चार-पाच बिलं एका दिवसात राहिली, तर पाटी लगेच उचलून स्कॅन करते.

गिऱ्हाइकांकडे आम्ही पुन्हा पैसे मागितले नाहीत, मागणारही नाही. त्यांनी आमच्याच खिडकीवरच्या पाटीवर भरले होते. काकूंचे ५४० रुपये मी त्याच संध्याकाळी रोख परत दिले.

अजून बरीच बिलं अशी आहेत ज्यांची गिऱ्हाइकं आम्हाला सापडलेली नाहीत. श्रावणात ठाकूरद्वारला कुणाच्या खिडकीवरून भाजणी, चकली किंवा चिवडा घेतला असेल, तर फोनमधला तो व्यवहार उघडून समोरचं नाव वाचा. दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर यूटीआर घेऊन दुकानात या. तुमचा एक क्रमांक आमच्या तक्रारीत जोडता येईल.